नवरात्रात न दुखणारं पोट

माझ्या लेकीचं पोट वर्षातून दोनदा दुखायचं थांबायचं, आणि त्याचं श्रेय मी बेधडक माझ्या घराला देत असे. बारा वर्षं दिलं. आज कबूल करायला बसलेय तर सगळंच कबूल करते.

आमचं घर तुळजापुरात, पुजाऱ्याचं. आश्विनातलं नवरात्र आणि पौषातलं शाकंभरी नवरात्र ही आमची वर्षाची दोन सुगी. घट बसण्याआधी आठ दिवस देवी निद्रेला जाते, दसऱ्यानंतर पुन्हा निद्रा, ती थेट पौर्णिमेपर्यंत. एवढे सगळे दिवस आमच्याकडं यजमानांची ये-जा. कर्नाटकातून, सोलापूरकडून कुटुंबंच्या कुटुंबं उतरतात, आणि त्यांचा नैवेद्य आमच्याच चुलीवर होतो. पुरण वाटायला हात कमी पडतात. अशात घरातल्या एखाद्या बाईला अडचण आली की ती कोपऱ्यातल्या खोलीत बसणार आणि बाकीच्यांची त्रेधातिरपीट. म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या लेकीसुना गोळ्या घेतात, पाळी पुढं ढकलायच्या. कोपऱ्यावरचा औषधवाला सिदू पितृपंधरवडा लागला की काय हवं ते विचारतसुद्धा नाही. समोर दिसलं की पाकिटं काढून ठेवतो. आमच्या लेखी ते औषध नव्हतंच. जसा हळद-कुंकवाचा पुडा, तशी ती गोळी.

जाई माझी एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी परंड्याला दिली. जावई उत्कर्ष तिथं तहसिलीत कारकून, जाई बालवाडीत शिकवते. एरवी ती यायची ती दोन दिवसांसाठी, आणि तेही तारीख बघून. अडचणीत माहेरी येऊन करायचं काय? बाजूला बसायला तिचं तिचं घर होतं. पण दोन्ही नवरात्रांना मात्र ती आठ दिवस आधीच हजर व्हायची, सगळ्यांसारखी गोळी सुरू करायची आणि घर डोक्यावर घ्यायची. परातभर कणीक एकटी तिंबायची. यजमानांच्या बायकांशी मोडकं कानडी बोलून त्यांना हसवायची. कळशी कमरेवर घेऊन जिना चढायची. तिच्याकडं बघून कुणाची दृष्ट लागेल म्हणून मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकत असे.

आणि मग ती परत गेल्यावर आठवड्याभरात उत्कर्षचा फोन यायचा. जाई आज उठली नाही, पोट फार दुखतंय, उलट्या होतायत, शाळेत सांगून टाकलंय. हा फोन ऐकला की माझं डोकं फिरायचं. माझ्या डोळ्यांसमोरची पोर जिना चढत होती आणि हा गृहस्थ सांगतोय की तिला उठवत नाही. सासरी दुखतं आणि माहेरी दुखत नाही, यातून शहाण्यानं काय ते समजावं, असं मी आमच्या ह्यांना, विष्णुपंतांना, ऐकवत असे. जावयाला तोंडावर मी कधी शब्दानं दुखावलं नाही. पाठीमागं मात्र काही बाकी ठेवलं नाही.

जाईलाही तसंच वाटायचं, हे विशेष. शाकंभरी संपून परत जायच्या दिवशी ती बसस्थानकावर माझा हात सोडायची नाही. "आई, तुझ्या घरात माझं अंग माझं असतं गं," म्हणायची. परंड्याच्या घरात तिनं कालदर्शिकेवर दोन्ही नवरात्रांभोवती लाल गोल केले होते. त्या गोलांकडं बघत ती मधले महिने काढायची. पोरीला माहेरची एवढी ओढ, म्हणून मी आतून फुलत असे. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

ही पोटदुखी लग्नानंतरची नव्हे. तेराव्या वर्षी पहिली पाळी आली तेव्हापासूनची. दर महिन्याला दोन दिवस ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची, अंग गार पडायचं, संडासात गेली की आतून कण्हल्याचा आवाज यायचा. एकदा शाळेत चक्कर येऊन पडली तर मास्तरांनी रिक्षात घालून घरी आणलं. मी तिला ओव्याचा शेक दिला आणि वर ऐकवलं, "बाईच्या जातीला एवढं असायचंच. मला कधी काही झालं नाही. तूच तेवढी नाजूक."

यातलं मधलं वाक्य धादांत खोटं होतं.

मला दुखायचं. बाराव्या वर्षापासून अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत दुखलं, पाळी गेली तेव्हाच थांबलं. बाजूला बसायच्या आधीच कळा सुरू व्हायच्या, तेव्हा चुलीपुढं बसून मी पदराचा बोळा दातांत धरत असे. पण लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी, जगदेवीबाईंनी, मला भिंतीला टेकलेलं पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, दुखरी बाई देवाच्या घरात काय कामाची? त्या दिवसापासून माझं काही दुखलं नाही. म्हणजे बाहेर कुणाला दिसेल असं दुखलं नाही. पुढं जाईच्या पाठीवर दुसरं मूल झालंच नाही. दर श्रावणात नवस केला, ओट्या भरल्या, तरी नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या मला काकवंध्या म्हणायच्या, एकच पिल्लू झालेली कावळीण. तेही मी गिळलं. मग पोटच्या पोरीला खरं कशाला सांगायचं? सांगितलं असतं तर तीही भिंतीला टेकली असती, असं मला वाटलं. शिवाय उद्या सोयरीक जमवताना कुणाच्या कानावर गेलं असतं की आईपासूनच पोटाचं दुखणं आहे, तर? माझ्या खोटेपणाला अशी दोन-दोन शहाणी कारणं होती.

तेव्हा मी 'असायचंच' म्हटलं आणि मग सगळ्यांनीच म्हटलं. एकोणिसाव्या वर्षी एकदा उजव्या बाजूला कळ गेली म्हणून एका दवाखान्यात तिचं अपेंडिक्स काढलं. ते निघालं, दुखणं राहिलं. मग कुणी जंताचं औषध दिलं, कुणी पित्ताचं. तीन वेळा सोनोग्राफी झाली, तिन्ही वेळा कागदावर 'नॉर्मल'. एक डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर दुसरे म्हणाले, एक मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं. तिसऱ्यांनी उत्कर्षला बाजूला घेऊन सांगितलं की हे मनाचं आहे, बाईंना गुंतवून ठेवा.

या फाल्गुनात जाईचा फोन आला. आवाज अगदी सपाट. म्हणाली, "आई, पुढच्या सोमवारी पिशवी काढायची ठरलंय. तू येतेस का जवळ बसायला?"

मला आधी कळलंच नाही. आमच्या भागात बायका पिशवी काढतात, त्यात नवल काही नाही. अंगावरून जरा जास्त गेलं की काढ पिशवी. पण त्या दोन-तीन लेकरं झालेल्या. ही एकतीस वर्षांची, कूस रिकामी. मी ओरडले, कोण तो डॉक्टर? तर म्हणाली, डॉक्टरांचा दोष नाही, ते नकोच म्हणत होते, मीच मागं लागले. महिन्यातले बारा-बारा दिवस जातात. मुलांसमोर उभं राहवत नाही. मूल गेलं चुलीत, मला एक महिना न दुखता पाहिजे.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लपवत नाही. तिचं दुखणं आलं नाही. नातवंड आलं. माझ्या अंगणात रांगणारं, मला कधी न मिळालेलं दुसरं लेकरू. त्या हावेपायीच मी परंडा गाठलं आणि हट्ट धरला की सोमवारच्या आधी आणखी एका डॉक्टरला दाखवायचंच. उत्कर्षच्या कचेरीतल्या एका बाईंनी धाराशिवच्या डॉक्टर निवेदितांचं नाव सांगितलं होतं. त्या सोलापूरला ऑपरेशनं करतात आणि दर गुरुवारी धाराशिवला बसतात. जाई तयार झाली, पण एका अटीवर. या डॉक्टरीणबाईंनीही तिला पटेल असं काही सांगितलं नाही, तर सोमवारी मी तोंडातून चकार शब्द न काढता तिच्या उशाशी बसायचं. मी हो म्हटलं.

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. न्यायालयाच्या मागच्या बोळात दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर निवेदिता चाळिशीच्या आतल्याच असतील. त्यांनी आधीच्या कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि जाईलाच विचारत बसल्या. दुखणं पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतं? पाठीत जातं का? त्या दिवसांत शौचाला त्रास होतो का? नवऱ्याजवळ जाताना आत दुखतं का? हा प्रश्न ऐकून मी छताकडं बघायला लागले. जाई खाली बघून हो म्हणाली. उत्कर्षही खाली बघत होता. सहा वर्षं मी या माणसाला मनात काय काय म्हटलं होतं, आणि तो मुकाट्यानं हेही सोसत होता.

कुठलं औषध चालू आहे का, असं विचारल्यावर जाई म्हणाली, काही नाही, दुखलं की तेवढी एक गोळी. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग मला राहवलं नाही. इतका वेळ मी गप्प होते, आणि जावयाबद्दल वाईट वाटत असलं तरी जिभेची जुनी खोड जाते थोडीच. मी म्हणाले, "डॉक्टरबाई, एक सांगू का? माझ्याकडं आली की तिला काही होत नाही. आमचं घर तिला मानवतं."

त्यांनी लिहायचं थांबवलं. कधी येतात त्या, असं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, दोन्ही नवरात्रांना, शारदीयला चांगल्या वीस-बावीस दिवसांसाठी. एरवी आल्या तर? जाईच म्हणाली, एरवी मी पाळीच्या दिवसांत जातच नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, तुमचं पुजाऱ्यांचं घर ना? त्या दिवसांत पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेता?"

मी म्हटलं, घेतोच की, सगळेच घेतात. कधीपासून? एकोणीस वर्षांची झाली, कामाला हात लावायला लागली, तेव्हापासून. आणि गोळी बंद झाल्यावर? जाई म्हणाली, तीन दिवसांत पाळी येते, आणि ती सगळ्यात वाईट असते. पण तोवर मी परंड्याला गेलेली असते.

डॉक्टर म्हणाल्या, हेच मघाशी औषध विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? आणि जाई म्हणाली, ते औषध थोडंच आहे? हे म्हणताना तिचं तिलाच काहीतरी कळलं असावं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं. बारा वर्षं आम्ही जिला आधी देवीची कृपा आणि मग माहेरची हवा म्हणत होतो, ती सिदूच्या दुकानातली गोळी होती.

मग डॉक्टरांनी विचारलं, आईला, मावशीला, बहिणीला कुणाला असा त्रास? जाई पटकन म्हणाली, बहीण नाही. आईला कधीच नव्हता. डॉक्टरांनी तेही लिहिलं. मी ते लिहिताना बघत बसले आणि गप्प राहिले.

तपासायला जाईला पडद्याआड नेलं. थोड्या वेळानं तिचा एकच आवाज आला, कळवळल्याचा, आणि पाठोपाठ तिचं बोलणं ऐकू आलं. "तिथंच. बरोबर तिथंच. आजवर कुणी तिथं बघितलंच नव्हतं." मग आतून करायची सोनोग्राफी त्यांनी स्वतः केली, बराच वेळ घेऊन.

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला समजावलं. गर्भाच्या पिशवीच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं, मूल राहिलं नाही की गळून पडतं, तीच पाळी. काही बायकांमध्ये तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर रुजतं. अंडाशयावर, पिशवीच्या मागच्या बाजूला, आतड्यावर. का रुजतं, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. पण शरीराचा हुकूम त्यालाही लागू होतो. आतलं सुजलं की तेही सुजतं, आतल्यातून रक्त सुटलं की त्यातूनही सुटतं. "आतल्या रक्ताला बाहेर पडायला वाट आहे. याला नाही. ते तिथंच राहतं, आजूबाजूला दाह होतो, वण धरतात, एकाला दुसरं चिकटतं. म्हणून दुखतं," त्या म्हणाल्या. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळी थोपवणाऱ्या गोळीनं हे बाहेरचंही शांत बसतं, म्हणून नवरात्रात बरं वाटायचं. एवढ्यावरून पक्कं म्हणता येत नाही, पण दिशा कळते.

मी विचारलं, मग तीन सोनोग्राफीत कसं दिसलं नाही? त्यांनी सांगितलं की बारीक ठिपके पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत, आणि मोठं काही असलं तरी ते शोधायचं म्हणून बघावं लागतं. डाव्या अंडाशयावर त्यांना आता एक गाठ दिसली होती, आणि पिशवी मागच्या आतड्याला धरून बसल्यासारखी वाटत होती. पुऱ्या खात्रीसाठी दुर्बिणीनं आत बघावं लागेल, आणि बघता बघताच ते काढताही येईल. हा आजार ओळखायला कित्येक बायकांची सात-आठ वर्षं जातात, असंही म्हणाल्या. पाळीत दुखायचंच असं घरात सगळे म्हणतात, मग बाई दवाखान्यात उशिरा येते, आणि आली तरी आमच्यातलेही कितीजण तेच म्हणतात.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण जाई मान हलवत होती.

"मॅडम, तुम्ही दाट शंका म्हणताय. आधी एकानं अपेंडिक्स म्हटलं, ते काढलं. एकानं पित्त म्हटलं. एकानं डोक्यात आहे म्हटलं. मला आता आणखी एक शंका नको. सोमवारी पिशवी काढते आणि मोकळी होते."

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की पिशवी काढली तर पाळी जाईल, पण बाहेरचं बाहेरच राहील. अंडाशय आहेत तोवर त्याला खतपाणी मिळत राहील आणि दुखणंही राहू शकेल. एकदा काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. पण शरीर तुमचं आहे, मी जबरदस्ती करणार नाही. जाई पर्स खांद्याला अडकवून उठली. म्हणाली, "खरं सांगू? मलाच आता वाटतं की ते डोक्यात असेल. माझ्या आईला नाही, आजीला नाही, मला एकटीलाच कसं?"

उत्कर्ष दाराशी पोचला होता. आत्ता गप्प बसले तर सोमवार येणार होता, आणि अटीप्रमाणे मला तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

"डॉक्टरबाई, माझ्याबद्दल लिहिलंय ते खोडा," मी म्हणाले. "खोटं आहे ते. मला होतं. असंच, याच जागी. छत्तीस वर्षं."

जाई वळली. मी तिच्याकडं न बघता डॉक्टरांच्या टेबलाकडं बघत सांगत सुटले. पदराचा बोळा, संडासात भिंतीला धरून बसणं, दुसरं मूल न होणं, सगळं. इतकं सलग मी त्याबद्दल कधीच बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा. डॉक्टरांनी आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली. आई-बहिणीला असेल तर हे असण्याची शक्यता वाढते, एवढंच म्हणाल्या.

जाईनं मला ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडली नाही. खुर्चीवर परत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि डॉक्टरांना म्हणाली, सोमवारचं मी रद्द करते. तुमची दुर्बीण कधी?

तिथून दीड महिना ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. फोन केला तर जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि ठेवते. मी उत्कर्षची माफी मागितली. म्हणजे दारात निरोप घेताना, जावईबापू, माझं चुकलं, एवढं पुटपुटले. त्यानं काय चुकलं ते न विचारता वाकून नमस्कार केला, तेव्हा मला आणखीच ओशाळं झालं. तो सगळा चैत्र मी लेकीच्या आवाजाची वाट बघत काढला. दर नवरात्रात तिच्या हसण्यानं भरून जाणारं स्वयंपाकघर मला खायला उठायचं. ती माझ्याकडं यायची ओढ कशाची होती, हे आता तिला कळलं होतं. मग यापुढं तिनं कशासाठी यावं?

सोलापूरला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर निवेदितांनी बाहेर येऊन मोबाइलवर फोटो दाखवले. मला आधी नुसतं लाललाल दिसलं. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पिशवीच्या मागं राख सांडल्यासारखे काळपट ठिपके, पांढरे ओढलेले वण, डाव्या अंडाशयावर जुन्या साकळलेल्या रक्ताची चॉकलेटी गाठ, आणि पिशवीच्या पाठीला चिकटून बसलेलं आतडं. जेवढं दिसलं तेवढं काढलं होतं, तुकडे तपासायला पाठवले होते. पिशवी शाबूत होती, आणि ती चांगली होती. मूल राहण्याची शक्यता आता आधीपेक्षा बरी, पण हमी कुणी देऊ शकणार नाही. हे पुन्हा उगवूही शकतं, लक्ष ठेवावं लागेल.

मी त्यांना जिन्यापाशी गाठून विचारलं, मला दुसरं मूल झालं नाही ते यामुळंच का? त्या म्हणाल्या, "असू शकेल, काकू. आता सांगता येणार नाही. तुमचं पोट कुणी आतून बघितलंच नाही ना." माझं दुखणं कुणी बघितलं नाही, कारण ते मी कुणाला दाखवलंच नाही. दुसरं एक लेकरू असतं तर कसं असतं, हा विचार मी पंचविसाव्या वर्षापासून करत आलेय. तो जिन्यावर उभी राहून आणखी एकदा केला आणि डोळे पुसून खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाई उशीला टेकून बसली होती. तोंड उतरलेलं, पण शुद्धीत अगदी स्वच्छ. उत्कर्ष औषधं आणायला गेला होता. मी फुलपात्रातलं पाणी पुढं केलं तर तिनं माझं मनगट धरलं.

"तू खोटं बोललीस त्याचा राग नाही मला," ती म्हणाली. "राग वेगळाच आहे. मी तिथं चटईवर पडलेली असायचे, आणि तू चुलीपुढं पाठमोरी. मला वाटायचं, या घरात अशी मी एकटीच. देवाच्या घरातली एकच नासकी. तू एकदा मागं वळून म्हणाली असतीस ना, मलापण दुखतंय गं, तर दुखलं असतंच. पण मी एकटी नसते."

मी पाठमोरी का असायचे, तर तोंडात पदर असायचा. ते तिला दिसू नये म्हणून. हे मी तिला सांगितलं.

"कुठं दुखायचं तुला?" तिनं विचारलं.

मी इकडंतिकडं पाहिलं. मग लुगड्यावरून हात ठेवला, ओटीपोटात, डावीकडं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या जागेवर मी कुणासमोर हात ठेवला नव्हता.

"आणि मग?"

"मग मागं कमरेत उतरायचं. तिथून मांडीत."

"डाव्या?"

"डाव्याच."

तिनं स्वतःच्या चादरीवर, तिच्या डाव्या मांडीवर हात ठेवला आणि मान हलवली. पहिल्या दिवशी जास्त की दुसऱ्या, तिनं विचारलं. आदल्या दिवसापासूनच, मी म्हटलं, पुरण शिजायला टाकलं की सुरू व्हायचं असं वाटायचं. ती हसली आणि टाक्यांना हात लावून कळवळली. मीही हसले, आणि मग मला रडू आलं. ती विचारत गेली, मी सांगत गेले. सासूबाई बघत असताना मी कशी उभी राहायचे, बाळंतपणानंतर वर्षभर कसं बरं वाटलं होतं, आणि परत सुरू झालं त्या दिवशी मी कुणाला न सांगता कशी रडले होते. एकेक गोष्ट सांगितली की ती म्हणायची, हां, माझंही तसंच.

तेवढ्यात विष्णुपंत डबा घेऊन दारात आले. दोघींचे डोळे ओले बघून घाबरले, काय झालं म्हणून आत पाऊल टाकणार, तर जाईनं हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं.

"बाबा, जरा बाहेर थांबा," ती म्हणाली. "आई सांगतेय."